इशाऱ्यातला कोलनच्या आधीचा शब्द

"रॅन्समवेअर म्हणा नाही तर मालवेअर, शेवटी व्हायरसच. इशारा आला की कॉम्प्युटर फॉरमॅट मारा, काम संपले. आणि लहान दुकानाच्या वाटेला कोण जातो?"

मालवेअर हे अपाय करण्यासाठी लिहिलेल्या सगळ्याच सॉफ्टवेअरचे नाव आहे. रॅन्समवेअर ही त्यातली एक जात असून ती फाइलींना कुलूप घालते आणि किल्लीसाठी पैसे मागते. विंडोजच्या इशाऱ्यात हा फरक लिहिलेलाच असतो: `HackTool:Win32/AutoKMS` किंवा `Ransom:Win32/StopCrypt` अशा नावात कोलनच्या आधीचा शब्द प्रकार सांगतो. शेजारी `Quarantined` असेल तर ती फाइल अडवून बाजूला ठेवली आहे. `Active` असेल तर धोका अजून कायम आहे.

इंदूरला रामबागेतल्या एका भांड्यांच्या दुकानात मागे असा `HackTool` इशारा आला होता. फुकटात मिळवलेले बिलिंगचे सॉफ्टवेअर त्या अडवलेल्या फाइलीशिवाय चालेना, म्हणून दुकानाच्या मालक काकांनी `Allow on device` दाबले. पुढे तसेच आणखी एक सॉफ्टवेअर उतरवल्यावर प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचे शेपूट लागले आणि प्रत्येक फोल्डरमध्ये `_readme.txt` दिसू लागली: किल्लीचे 980 डॉलर, 72 तासांत दिल्यास 490. ही STOP/Djvu या रॅन्समवेअरच्या कुळाची ओळखीची चिठ्ठी आहे.

मेकॅनिक फॉरमॅट मारायलाच बसला होता, त्याला थांबवावे लागले. फॉरमॅटने मालवेअर जाते हे खरे; पण त्याबरोबर कुलूपबंद फाइली आणि ती चिठ्ठीही जाते, आणि किल्ली मिळण्याची आशा असेल तर ती त्यांच्यावरच असते. चिठ्ठीतल्या ओळख-क्रमांकाचा शेवट `t1` असेल तर किल्ली अनेकांसाठी एकच असते आणि मोफत साधनाने फाइली उघडण्याची शक्यता राहते. काकांच्या क्रमांकाचा शेवट तसा नव्हता. म्हणून आधी नेटची तार काढली, कुलूपबंद फाइली चिठ्ठीसकट वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवल्या आणि मगच फॉरमॅट केले. दिवाळीत घेतलेली हिशोबाची प्रत कपाटातल्या पेन ड्राइव्हवर होती, ती वाचली. ड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावून ठेवला असता, तर तीही गेली असती.

तरीही काम संपले नव्हते. हे कुळ पुष्कळदा पासवर्ड चोरणारे दुसरे मालवेअर सोबत आणते, आणि चोरीला गेलेला पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाही. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड काकांनी त्याच दिवशी मुलाच्या फोनवरून बदलले. (पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच कळवावे.)

राहिले लहान दुकान. या प्रकारात दुकान कोणी निवडतच नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये गळ लावून ठेवलेला असतो आणि जो उतरवतो तो अडकतो. मोठ्या कंपनीकडून कोणी 490 डॉलर मागत नाही. ही रक्कम काकांसारख्यांसाठीच ठरवलेली आहे.