फोटो चालेल का? कुठल्या अर्जाला?

"दादा, त्या काकूंनी एवढंच विचारलं होतं, 'हा फोटो चालेल का?' फोटो स्वच्छ, मागे पांढरा पडदा. हो म्हणायचं सोडून तुम्ही उलट त्यांनाच प्रश्न केलेत. साठीतल्या बाईला असं ताटकळत ठेवणं बरं दिसलं नाही."

ताई, एक चूक कबूल करतो. फोटोत जे दिसत होतं ते मी आधी सांगायला हवं होतं: डोळे उघडे, नजर सरळ, चष्मा नाही, चेहऱ्यावर दोन्हीकडून सारखा उजेड, पडद्यावर सावली नाही. एवढं लिहून मग विचारलं असतं, तर काकूंचा जीव टांगणीला लागला नसता.

पण विचारल्यावर काय निघालं ते पाहा. जायचंय मुलीकडे अमेरिकेला, आणि फोटो गेल्या वर्षी जर्मनीच्या व्हिसासाठी इथेच रामबागेतल्या स्टुडिओत काढलेला. अमेरिकेच्या व्हिसाला फोटो गेल्या 6 महिन्यांतला लागतो. फोटोकडे कितीही निरखून पाहिलं तरी हे कळणार नव्हतं.

दुसरी अडचण मापाची. जर्मनीसाठीचा फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, त्यात चेहरा मोठा लागतो. काकूंच्या फोटोत डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंत मी मोजलं, 34 मिलिमीटर भरलं. अमेरिकेला 51 बाय 51 चा चौरस लागतो आणि त्यात डोकं 25 ते 35 मिलिमीटर. म्हणजे डोक्याचं माप बसतंय, असं वाटतं. काकूही म्हणाल्या, "मग चौकोनी कापून घेते ना." पण 35 रुंदीच्या फोटोतून 35 चाच चौरस निघतो आणि 34 चं डोकं त्यात वरपासून खालपर्यंत गच्च भरतं. चौरस मोठा करून छापला तर डोकंही त्याच्याबरोबर वाढतं. दोन्ही बाजूंना 8-8 मिलिमीटर पांढरं जोडलं, तर खांदे भिंतीला टेकल्यासारखे सरळ कापलेले दिसतात. अशी जोडाजोड बघताक्षणी ओळखू येते, आणि फोटोत असे फेरफार चालतही नाहीत.

हाच फोटो आपल्या भारतीय पासपोर्टसाठी असता, तर माझं उत्तर वेगळंच असतं: काकू, नेऊच नका. मोठ्या माणसांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रात तिथल्या तिथे काढतात. 4 वर्षांखालच्या मुलांचा तेवढा बरोबर न्यावा लागतो.

आता काकूंना नवीन फोटो काढायला सांगितलंय. स्टुडिओवाल्याला दोन गोष्टी सांगायच्या. जरा मागे सरकून काढा, डोक्याच्या वर आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंना पडदा मोकळा दिसू द्या. आणि छापील प्रतींबरोबर न कापलेली मूळ फाइलही द्या. त्या फाइलमधून अमेरिकेचा चौरस निघतो आणि पुढच्या 6 महिन्यांत जर्मनीला जायचं ठरलं, तर 35 बाय 45 सुद्धा निघतो. फाइल आली की इथेच मोजून काकूंना सांगतो, या वेळी दिसेल ते आधी.