नमनाला घडाभर तेल

गळका नळ दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागतात. त्या दुरुस्तीच्या व्हिडिओत ‘नमस्कार’ म्हणायला मला चार रविवार लागले.

निवृत्त झाल्यापासून मी सोसायटीतले नळ बघतो. कुणाकडे टपटप सुरू झाली की पाना, टेफ्लॉन टेप आणि वॉशरची डबी घेऊन मी हजर. चहा मिळतो, मान मिळतो, डोंबिवलीत याहून जास्त काय हवं? पण भाची म्हणाली, “मामा, तू याचं यूट्यूब चॅनेल काढ.” काढलं. आठ व्हिडिओ झाल्यावर ती म्हणाली, “आता ट्रेलर हवा.” म्हणजे असं, की ज्यानं अजून सबस्क्राइब केलेलं नाही असा कुणी चॅनेलच्या पानावर आला, की त्याच्यापुढे जो व्हिडिओ आपोआप सुरू होतो तो. दारात आलेल्या अनोळखी माणसाशी पहिलं बोलणं.

आता बोलण्याला मी घाबरतो की काय? शाळेत वक्तृत्व स्पर्धेतली दोन स्टीलची तांब्याभांडी जिंकलेला माणूस मी. पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि तोंडातून आपसूक आलं, “सन्माननीय व्यासपीठ...”

भाचीनं रेकॉर्डिंग थांबवलं.

व्यासपीठ गेलं, पण ठसका राहिला. ‘नमस्कार’ मी असा ठणकावून म्हणायचो, की त्याच्यापुढचं माझं नाव कुणाला ऐकूच येत नव्हतं. मला वाटलं, मोबाइल बिघडला. भाचीनं समजावलं की आवाज मोठा आला की मोबाइल आपण होऊन आवाजाची पातळी खाली खेचतो, आणि पुन्हा वर आणायला त्याला क्षणभर लागतो. त्या क्षणात माझं नाव येत होतं. म्हणजे ‘नमस्कार’ खणखणीत, नाव विहिरीतून आल्यासारखं आणि त्यापुढचं पुन्हा ठीक. उपाय सोपा होता: पहिला शब्द पुढच्या शब्दांइतक्याच आवाजात म्हणायचा. पण वक्तृत्वाची तांब्याभांडी मिळवलेल्या माणसाला तो जमायला दीड तास लागला.

मग कॉलरला लावायचा छोटा माइक आला. आवाज सुधारला, पण प्रत्येक वेळी ‘नमस्कार’च्या जोडीला खर्रर्र असा आवाज यायला लागला. मी मनोभावे हात जोडत होतो आणि जोडलेले हात बरोबर माइकला घासत होते. हात खाली धरून जोडले तर ते चौकटीबाहेर जायचे आणि मी पोटाशी काहीतरी लपवतोय असं दिसायचं. हात पुढे करून जोडले तर कॅमेऱ्याला हातच जवळचे वाटायचे; तो त्यांच्यावर नजर लावायचा आणि मागे माझा चेहरा धुक्यात. शेवटी माइक कॉलरवरून काढून दोन बटणं खाली, बाजूला लावला.

नजरेचं प्रकरण याहून नाजूक. मोबाइल आडवा धरला की समोरचं भिंग एका टोकाला जातं. आपण मात्र पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत बोलतो, कारण मनुष्यस्वभाव. परिणाम असा, की बघणाऱ्याला वाटतं हा गृहस्थ माझ्या खांद्यामागे उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलतोय. भाचीनं भिंगाशेजारी एक टिकली चिकटवली आणि म्हणाली, “या टिकलीला नमस्कार कर.” ते बायकोनं नेमकं स्वयंपाकघरातून येताना ऐकलं.

आणि मग आला खरा प्रश्न. नमस्कार, पण कुणाला?

‘मित्रांनो’ म्हटलं तर बायको म्हणाली, नळ काय फक्त पुरुषांचे गळतात? ‘मित्र-मैत्रिणींनो’ म्हटलं तर मला कॉलेजच्या गॅदरिंगला आल्यासारखं वाटायला लागलं, या वयात. ‘प्रेक्षकहो’ म्हटलं तर भाची हसली. ‘गाइज’ म्हणून बघितलं. त्यावर तिघंही हसलो, म्हणून ते वगळलं. ‘मंडळी’ मला पसंत होतं. त्यात सगळे येतात, लहानमोठं कुणी रुसत नाही. पण आमच्या वडिलांच्या पिढीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. माझ्या कानात तोच अर्थ बसलेला. “नमस्कार मंडळी!” असं मी म्हटलं की आतून उत्तर यायचं, “काय हवंय?” हे तीनदा रेकॉर्ड झालंय.

खरं म्हणजे या बाबतीत मराठी माणूस नशीबवान. ‘तुम्ही’ म्हटलं की एकही आला आणि शंभरही आले. व्हिडिओ बहुतेक वेळा एकटा माणूसच बघत असतो, आणि नळाचा व्हिडिओ तर तो एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं बादली सरकवत बघत असतो. त्याला “कसे आहात सगळे? मजेत ना?” असं विचारलं तर तो बिचारा मागे वळून बघेल, सगळे कोण म्हणून. पण हे शहाणपण मला नंतरचं. तेव्हा मी विचारलं. वर उत्तरासाठी थांबलोसुद्धा.

असा तो ट्रेलर तयार झाला. एक मिनिट पन्नास सेकंदांचा. त्याचा हिशेब मी आता तोंडपाठ सांगू शकतो. आधी फिरत फिरत येणारा पाना आणि त्यामागे सनई, सात सेकंद. मग “नमस्कार मंडळी, आपल्या या चॅनेलवर पुन्हा एकदा आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत”, सहा सेकंद. माझं नाव, गाव आणि नोकरीतली वर्षं, पाच सेकंद. कसे आहात, मजेत ना, आणि उत्तराची वाट, तीन सेकंद. व्हिडिओ सुरू करण्यापूर्वी लाइक, शेअर, सबस्क्राइब, शेजारची घंटी, नऊ सेकंद. बेरीज करा. तीस. नळ एकतिसाव्या सेकंदाला.

टाकला. दोन-चार दिवस कौतुकात गेले. मग एका रात्री भाचीनं चॅनेलचा हिशेब दाखवणारं यूट्यूब स्टुडिओ उघडून आलेख दाखवला. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओचा असा आलेख देतं: कुठल्या सेकंदाला किती टक्के लोक अजून बघतायत. पुरेसे लोक बघून गेले की शेजारी पहिल्या तीस सेकंदांचा वेगळा आकडा येतो, तेवढा वेळ टिकले किती. माझा व्हिडिओ 212 वेळा बघितला गेला होता आणि आकडा होता 19 टक्के. म्हणजे चाळीसएक. त्यातले निम्मे आमच्या घरातलेच असणार, कारण मी रोज उघडून बघत होतो.

पण आकड्यापेक्षा मला आलेखाची रेघच जास्त बोलली. पाना फिरेपर्यंतच ती जिन्यावरून पडल्यासारखी खाली आली होती. स्वागतावर आणखी एक पायरी. ‘मजेत ना?’वर बारीकशी घसरण, म्हणजे काहीजण उत्तर न देताच निघून गेले. आणि मग एकतिसाव्या सेकंदाला रेघेला चक्क टेंगूळ! लोक बोटानं व्हिडिओ पुढे ढकलून बरोबर नळावर येऊन थांबत होते. एका सज्जनानं तर खाली इतरांच्या सोयीसाठी लिहूनच ठेवलं होतं: “नळ 0:31”. माझ्या सगळ्या वक्तृत्वाचं एवढं नेमकं परीक्षण शाळेतल्या परीक्षकांनीही केलं नव्हतं.

नमनालाच घडाभर तेल, असं आपल्याकडे म्हणतात. पूर्वी खेळ मशाली-पलित्यांच्या उजेडात रात्रभर चालायचे, आणि नमन लांबलं की तेल तिथंच संपायचं. पण तेव्हाच्या प्रेक्षकाचीही बाजू बघा. तो घोंगडी घेऊन आलेला असायचा, रात्र मोकळी असायची, आणि नमन चालू असताना मागची माणसं येऊन बसायची. नमन हे उशिरा येणाऱ्यांसाठीच असतं. नाटकाच्या तीन घंटा कशाला असतात? वड्याचा शेवटचा घास गिळून माणूस खुर्चीत येईपर्यंत. व्हिडिओला उशिरा कुणी येतच नाही. प्रत्येकासाठी तो पहिल्या सेकंदापासूनच सुरू होतो. मग मी सात सेकंद सनई कुणासाठी वाजवत होतो?

आणि ते ‘पुन्हा एकदा स्वागत’! ट्रेलर दिसतो तो बहुतेक नव्या माणसालाच. आयुष्यात पहिल्यांदा दारात आलेल्याला मी सांगत होतो, पुन्हा आलात, बरं वाटलं.

भाचीनं मला यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ दाखवला. 23 एप्रिल 2005 रोजी चढवलेला, एकोणीस सेकंदांचा. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे आहेत. ना नमस्कार, ना नाव. आपण हत्तींसमोर उभे आहोत, असं म्हणून थेट त्यांच्या लांबलचक सोंडेवर येतात. मी म्हटलं, “हा माणूस जरा तुटक वाटतो.” भाची म्हणाली, “पण मामा, हत्ती पहिल्या सेकंदाला आहे.”

हे मात्र लागलं. तिसऱ्या रविवारी मी नमस्कार पूर्ण काढून बघितला. टपटपणारा नळ आणि लगेच, “आधी खालचा कॉक बंद करा.” तेही भलतंच वाटलं. ओळख ना पाळख, एकदम हुकूम. नळदुरुस्तीपेक्षा पाणीकपातीची सूचना वाटली.

उत्तर सापडलं ते घरच्या दारात. शेजारचे कुलकर्णी संध्याकाळी आले. बेल वाजली, मी दार उघडलं आणि म्हणालो, “या. गळतोय का परत?” आणि तिथंच थबकलो. मी त्यांना ‘मनःपूर्वक स्वागत’ म्हटलं नव्हतं. उभ्या जन्मात घरी आलेल्या कुणाला मी ‘आपलं स्वागत आहे’ म्हटलेलं नाही. ते आपण फक्त कमानीवर लिहितो. दारात आपण ‘या’ म्हणतो. आणि पाठोपाठ, तो कशासाठी आलाय ते विचारतो.

चौथ्या रविवारी एका टेकमध्ये काम झालं. आधी नळ जवळून. बादलीत थेंब, टप, टप, दोन सेकंद. मग मी, टिकलीकडे बघत, रोजच्या आवाजात, “या. नळ गळतोय? बहुतेक वेळा वॉशर झिजलेला असतो. दहा मिनिटांचं काम आहे, दाखवतो.” नाव खाली पट्टीत आलं आणि गेलं. सबस्क्राइबचं बोलणं मी नळ दुरुस्त झाल्यावर टाकलं. आधी काम, मग मजुरी, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. सातव्या सेकंदाला माझ्या हातात पाना होता.

आठवड्याभरात तीस सेकंदांचा आकडा 54 झाला. मी पेढे आणणार होतो, तेवढ्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला. वय ब्याऐंशी. माझ्या चॅनेलला पहिलं सबस्क्राइब तिनं केलंय.

“बाळ्या, घरात सगळं ठीक आहे ना रे?”

“हो. का?”

“अरे, नमस्कारसुद्धा केला नाहीस. नुसता नळाकडे बघत बसलास. आम्ही म्हटलं, काही बिनसलं की काय. आणि ती सनई कुठं गेली? छान होती.”

मी तिला रेघ, टेंगूळ, टक्के सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण नमस्काराला पैसे पडतात का?”

भाचीला फोन केला. ती म्हणाली, सोपं आहे. नव्या माणसाला दिसणारा ट्रेलर वेगळा आणि आधीच सबस्क्राइब केलेल्यांना चॅनेलवर वर दिसणारा व्हिडिओ वेगळा, अशी सोय असतेच. तेव्हा नव्या लोकांसाठी ‘या’ ठेवलं. आणि येत्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, माइक दोन बटणं खाली लावून, सनईसकट नवं नमन रेकॉर्ड करतोय. “कसे आहात?” विचारून तीनऐवजी पाच सेकंद थांबणार आहे. आत्या उत्तर देते.