सोळा चौकोन, एक वॉचमन

गेटवरच्या केबिनमध्ये कॅमेऱ्याचा मॉनिटर बसवला तेव्हा सेक्रेटरी मला म्हणाले, "आता तुझं काम सोपं झालं, जागेवर बसून सगळं दिसेल." सगळं दिसतं हे खरंय, एकाच वेळी दिसतं हाच तर घोळ आहे. चार आडवे, चार उभे असे सोळा चौकोन आणि प्रत्येकात रात्रीचं करडं काहीतरी. कोपऱ्यात नावं काय, तर Camera 01, Camera 02, थेट Camera 16 पर्यंत. म्हणजे बारशालाच कंटाळा केलेला. सात नंबरात माणूस दिसला तर पळायचं कुठे, गच्चीवर की पार्किंगमध्ये?

मला आपलं वाटलेलं की स्क्रीन म्हणजे सोसायटीचा नकाशा असणार, वरच्या ओळीत मागची बाजू, खालच्या ओळीत गेट, शेजारच्या चौकोनात शेजारची जागा. तसलं काही नसतं. फिटिंगवाल्याच्या हाताला जी वायर आधी लागली ती त्याने रेकॉर्डरच्या पहिल्या पॉइंटमध्ये खुपसली, दुसरी दुसऱ्यात, झालं. त्यामुळे आमच्याकडे चार नंबर गेट, त्याला खेटून तीन नंबर लिफ्टची मशीनरूम, आणि गेटमधून आत आलेला माणूस पुढे दिसतो तो डायरेक्ट नऊ नंबरात, दोन ओळी खाली आणि पार डाव्या टोकाला. सेटिंगमध्ये जाऊन चौकोन ओढून हवे तसे लावता येतात म्हणे, पण पासवर्ड फिटिंगवाल्याकडे आणि फिटिंगवाला फोन उचलत नाही.

सुरुवातीच्या रात्री मी सोळाच्या सोळा चौकोन डोळे फाडून बघायचो. त्याने एवढंच कळलं की सोळा ठिकाणी काहीही होत नाहीये. जे काही व्हायचं ते किडे करायचे. अंधार पडला की कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट होतो आणि स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो, ते आपल्या डोळ्याला दिसत नाहीत पण त्यांच्या उबेला की कशाला कोळी बरोबर तिथेच जाळं विणतो. मग भिंगाच्या पुढ्यातला तो एक धागा स्क्रीनवर पांढऱ्याफेक दोरखंडाएवढा हलतो, आणि पतंग आला की थेट उडती तबकडी. एवढं सगळं हललं म्हणून मशीन बिचारं मोशन मोशन करत रात्रभर रेकॉर्डिंग करतं. यावर उपाय एकच, काठीला फडकं बांधून जाळी झाडणे. अख्ख्या सिस्टीममधलं कोणी न शिकवता मला जमणारं हे एकच काम.

शेवटी मामांनी मनावर घेतलं. मामा म्हणजे आमचे सिनियर, सगळी सोसायटी त्यांना मामाच म्हणते. म्हणाले, "माणसं बघू नकोस रे, माणसं हलतात. आधी न हलणारं काय आहे ते पाठ कर." मग प्रत्येक चौकोनातली एकेक वस्तू धरली, याच्यात खांब, त्याच्यात पाण्याची टाकी, तिसऱ्यात जिन्याचा कठडा. कागदावर सोसायटीचा नकाशा काढला, कॅमेरा आहे तिथे नंबर टाकला, आणि त्याचं तोंड जिकडे आहे तिकडे बाण. तो बाणच सगळ्यात महत्त्वाचा, हे मला पुढे कळलं.

मग टेस्ट. मामा टॉर्च घेऊन गेटपासून चालत निघाले, मी केबिनमध्ये, दोघांच्या कानाला फोन.

"कुठं दिसतोय?"

"चार नंबर. पाठमोरे. टॉर्च बंद करा मामा, नऊमध्ये नुसता पांढरा गोळा दिसतोय, तुमचं तोंड गेलं काळं होऊन."

"तोंड जाऊ दे, आता बघ, मी डावीकडं वळतो."

चार नंबरात ते डावीकडेच गेले. नऊ नंबरात बघतो तर मामा उजवीकडे चाललेत!

"मामा, उजवीकडे कुठे निघालात?"

"अरे डावीकडंच चाललोय!"

"चारमध्ये डावीकडे, नऊमध्ये उजवीकडे."

"मग आता मी दोन करू का माझे?"

गंमत अशी की चार नंबर गेटवरून आत बघतो आणि नऊ नंबर बी विंगच्या कोपऱ्यावरून गेटकडे बघतो, दोघं समोरासमोर. त्यामुळे एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. हे डोक्यात नसेल तर वॉकीवर "डावीकडे पळाला" असं ओरडायचं आणि राउंडवाल्याला बरोबर उलट्या दिशेला पळवायचं. तेव्हापासून आमच्यात नियम, डावं-उजवं बोलायचंच नाही, टाकीकडे, जिन्याकडे, गेटकडे असंच बोलायचं. आणखी एक, मामा फोनवर "हात वर केला" म्हणाले की स्क्रीनवरचे मामा जरा वेळाने हात वर करायचे. चित्र केबिनपर्यंत पोचेपर्यंत थोडं मागे पडतं. म्हणजे स्क्रीनवर माणूस दारात दिसला तर तो एव्हाना आत गेलेला असतो.

आता मधली गोष्ट. नऊ नंबरातून मामा टाकीमागे गेले आणि दिसेनासे झाले. पार्किंगच्या बारा नंबरात यायला पाहिजे होते, तर नाहीत. मी मनात आकडे मोजत बसलो, पंधराच्या पुढे गेल्यावर मामा बारामध्ये उगवले. टाकीमागचा तेवढा तुकडा कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. मी कागदावर तिथे पेन्सिलने रेघोट्या मारल्या. हिशोब असा बसला, नऊमधून गेलेला माणूस वीस मोजेपर्यंत बारामध्ये आला नाही, तर तो टाकीमागे थांबलाय.

आणि थांबलाच एकजण. रात्री अडीचच्या सुमारास नऊ नंबरातून एक आकृती टाकीकडे गेली. मी मोजायला लागलो. वीस झाले, चाळीस झाले, बारा रिकामाच. आधी बघितलं बारा नंबर अडकला तर नाही ना, कारण कधी कधी चित्र गोठतं आणि आपण सगळं शांत आहे म्हणून खूश. आमच्या चित्रावरचं घड्याळ कॅमेराच छापून पाठवतो, त्यामुळे सेकंद पळत असतील तर कॅमेरा जिवंत. पळत होते. मामांना उठवलं, "टाकीमागे कोणीतरी आहे, नऊमधून गेलाय, बारात आला नाही."

मामा निघाले तेवढ्यात बाराच्या कडेला चांदणीसारखा ठिपका चमकला. मी त्या चौकोनावर डबल क्लिक केलं. छोट्या चौकोनात चित्र मुद्दाम हलक्या दर्जाचं असतं, सोळा एकदम चालवायचे ना, एकच मोठा केला की खरं स्वच्छ चित्र येतं. बघतो तर सिगारेट! जळतं टोक इन्फ्रारेडमध्ये भगभगीत पांढरं दिसतं, नुसत्या डोळ्याला दिसेल त्याच्या कितीतरी जास्त. आणि सिगारेटच्या मागे साक्षात आमचे सेक्रेटरी, ज्यांनी घरी सोडल्याचं जाहीर केलंय.

मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, सलाम केला, परत आले. थोड्या वेळाने साहेब केबिनपाशी आले, मॉनिटरकडे बघून सहज विचारल्यासारखं म्हणाले, "टाकीमागचं दिसतं का रे यात?"

"टाकीमागचं नाही दिसत साहेब," मी म्हणालो, "पुढे आलं की दिसतं."

पुढच्या मीटिंगला मी माझा पेन्सिलचा नकाशा नेला, टाकीमागे कॅमेरा पाहिजे म्हणून सांगितलं, दोन-तीन मेंबर हो हो म्हणाले. सेक्रेटरी एकदम टेक्निकल झाले. रेकॉर्डरला पॉइंट सोळाच आहेत, सतरावा बसणार नाही, सगळं मशीन बदलावं लागेल, एवढा खर्च कशाला, आपला वॉचमन बघतोय की मोजून.