राउटरची अ‍ॅड्रेस रेंज बदलावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "लेख पटला नाही. रेंजला हात लावू नका म्हणून तुम्ही लोकांना उगाच घाबरवताय. 192.168.1.1 हा अ‍ॅड्रेस सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणजे हॅकरचं निम्मं काम झालेलंच. मी रेंज बदलून 192.168.50.1 केली, नेट मस्त चालतंय. प्रिंटर तेवढा ऑफलाइन दाखवतो, पण तो जुनाच झालाय. सेटिंग दिलंय ते वापरण्यासाठीच ना?"

उत्तर :

नमस्कार. आधी प्रिंटरबद्दल बोलतो, कारण तुम्ही तो बदलायच्या विचारात असाल तर कृपया थांबा. तो बहुधा धडधाकट आहे.

मोबाइल आणि लॅपटॉप वायफायला जोडले की राउटरकडून अ‍ॅड्रेस मागून घेतात. हे वाटप राउटरमधली डीएचसीपी ही सोय करते. ज्या आकड्यांच्या पट्ट्यातून ती अ‍ॅड्रेस देते, तीच रेंज. तुम्ही रेंज बदललीत, त्यांनी नवा अ‍ॅड्रेस घेतला आणि नेट सुरू झालं. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर अशा उपकरणांना मात्र बसवतानाच बऱ्याचदा कायमचा अ‍ॅड्रेस हाताने घातलेला असतो. ती राउटरला काही विचारायलाच जात नाहीत. तुमच्या प्रिंटरला 192.168.1.60 दिलेला आहे असं धरू. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही कमांड चालवा :

```
ipconfig
```

IPv4 Address समोर 192.168.50.23 असं काहीतरी दिसेल आणि Subnet Mask समोर 255.255.255.0. या मास्कचा अर्थ असा की पहिले तीन आकडे जुळले तरच समोरचं उपकरण घरातलं. लॅपटॉप 192.168.50 आणि 192.168.1 ताडून पाहतो, जुळत नाहीत म्हणून प्रिंटर बाहेरचा ठरवतो आणि छपाईचा मजकूर राउटरकडे सोपवतो. राउटरच्या लेखीही 192.168.1.60 आता घरात नाही. तो ते पॅकेट इंटरनेटच्या दिशेने सोडतो आणि तिथे ते टाकून दिलं जातं. प्रिंटरवरचा वायफायचा दिवा मात्र चालूच राहतो, कारण वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच आहेत. म्हणून "जोडलेला आहे, पण सापडत नाही" असं चित्र दिसतं.

खात्री करायची तर प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापा. त्यावर 192.168.1 ने सुरू होणारा अ‍ॅड्रेस असेल तर वर सांगितलं तेच घडलंय. 192.168.50 चा असेल तर प्रिंटरने बदल स्वीकारलाय आणि जुना अ‍ॅड्रेस तुमच्या लॅपटॉपनेच धरून ठेवलाय. मग प्रिंटर काढून पुन्हा जोडला की झालं.

पहिला प्रकार असेल आणि प्रिंटरला स्क्रीन असेल, तर तिथूनच अ‍ॅड्रेस "ऑटोमॅटिक" करा. स्क्रीन नसेल तरी मार्ग आहे. लॅपटॉपला तात्पुरता हाताने 192.168.1.10 हा अ‍ॅड्रेस आणि 255.255.255.0 हा मास्क द्या. नेट बंद पडेल, पडू द्या. दोघं एकाच वायफायवर आहेत आणि आता पहिले तीन आकडेही जुळतात, त्यामुळे मधे राउटरचा अ‍ॅड्रेस काहीही असला तरी ती एकमेकांना सापडतात. ब्राउझरमध्ये 192.168.1.60 टाकून प्रिंटरचं पान उघडा, तिथे ऑटोमॅटिक निवडा आणि मग लॅपटॉपही पूर्ववत ऑटोमॅटिकवर आणा. शेवटी राउटरच्या डीएचसीपी पानावर Address Reservation मध्ये प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कंपनीने त्याला दिलेला ओळखक्रमांक, नोंदवा, म्हणजे त्याला दर वेळी तोच अ‍ॅड्रेस मिळेल.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 192.168 ने सुरू होणारे अ‍ॅड्रेस खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ सालच्या RFC 1918 या दस्तऐवजात तीन पट्टे दिले आहेत : 10 ने सुरू होणारे, 172.16 ते 172.31 चे आणि 192.168 चे. इंटरनेटवर या अ‍ॅड्रेसकडे जाणारी वाटच नसते, म्हणून तर असंख्य घरांत एकच अ‍ॅड्रेस सुखाने नांदतो. बाहेरच्या माणसाला तुमचा 192.168.1.1 ठाऊक असून उपयोग नाही, तो तिथे पोहोचूच शकत नाही. आणि जो तुमच्या वायफायमध्ये घुसलाय, त्याला राउटर स्वतःच अ‍ॅड्रेस, मास्क आणि गेटवे, म्हणजे स्वतःचाच अ‍ॅड्रेस, देतो. वर जी कमांड दिली ती त्यालाही चालवता येते. मग लपवलं कुणापासून?

तुमच्या म्हणण्यात एक खरा अंश आहे आणि तो मी मान्य करतो. काही फसवी वेब पानं तुमच्याच ब्राउझरमधून 192.168.1.1 आणि 192.168.0.1 वर धडका मारतात, नेहमीचे पासवर्ड वापरून राउटरची डीएनएस सेटिंग, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा अ‍ॅड्रेस कुणाला विचारायचा ती नोंद, बदलू पाहतात. अ‍ॅड्रेस वेगळा असेल तर त्यातला ढोबळ हल्ला चुकतो. पण पुढचे दहा-वीस अ‍ॅड्रेस तपासून पाहायला त्या पानाला फारसा वेळ लागत नाही. हल्ला थांबतो तो राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड बदलल्याने आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवल्याने. हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. तुम्ही रेंज बदलायला ज्या पानावर गेलात, तिथे शिरताना कोणता पासवर्ड टाकलात ते आठवा. राउटरच्या मागे चिकटवलेलाच असेल, तर आज तो बदला.

तुम्ही 192.168.50 निवडलंत हे बरं केलंत, कारण ते खासगी पट्ट्यातच आहे. "कुणाला सुचणार नाही" असे आकडे शोधताना लोक 192.169 किंवा 172.40 टाकून बसतात. ते इंटरनेटवरचे खरे अ‍ॅड्रेस आहेत. तिथे एखादी वेबसाइट असेल तर ती फक्त तुमच्या घरातून उघडत नाही आणि त्याचं कारण शोधताना नाकी नऊ येतात.

सेटिंग कशासाठी असतं, हा प्रश्न रास्त आहे. ते टक्कर सोडवण्यासाठी असतं. समजा, ऑफिसच्या नेटवर्कचीही रेंज 192.168.1 आहे आणि तिथला फाइल सर्व्हर 192.168.1.20 वर आहे. घरून व्हीपीएन जोडला जातो, पण सर्व्हर मात्र उघडत नाही, कारण लॅपटॉप 192.168.1.20 ला घरातच शोधत राहतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहा. तिथून सर्व्हर उघडला, तर संशय पक्का. अशा वेळी घराची रेंज 192.168.83 अशी काहीतरी करणं हाच स्वच्छ उपाय. एका राउटरमागे दुसरा जोडलाय आणि दोघांचीही रेंज एकच आहे, तेव्हाही बदलावी लागते. उपकरणं वाढली म्हणून मात्र नको : 255.255.255.0 मास्कमध्ये २५४ अ‍ॅड्रेस मावतात. डीएचसीपीने त्यातले शंभरच वाटायला ठेवले असतील तर तेवढा आकडा वाढवा, रेंज आहे तिथेच राहू द्या. नेटच्या वेगाशी तर या आकड्यांचा काडीचाही संबंध नाही.

ज्यांच्याकडे अशी टक्कर नाही, त्यांनी या सेटिंगला हात लावू नये, हे माझं मत कायम आहे. तुम्ही बदल केलाच आहे, तर आता परत 192.168.1.1 वर जाऊ नका. परत जाताना आज नीट केलेली सगळी उपकरणं पुन्हा तपासावी लागतील. प्रिंटर मार्गी लागला की घरात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर असल्यास तोही बघून घ्या. मोबाइलवर कॅमेरे दिसायचे बंद झाले असतील, तर त्याचाही जुना अ‍ॅड्रेस आणि बाहेरून आलेली जोडणी रेकॉर्डरकडे वळवणारा राउटरमधला पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम, दोन्ही अजून 192.168.1 वरच अडकलेले असण्याची शक्यता आहे.