पीडीएफमधून उचललेले टिपण परीक्षेला का पुरत नाही

“दहावीच्या विज्ञानाच्या कुठल्याही धड्याची पीडीएफ घ्या, मजकूर कॉपी करून लांब वाक्ये गाळा, ठळक शब्दांची यादी म्हणजे शब्दसूची आणि शेवटचा स्वाध्याय म्हणजे संभाव्य प्रश्न. अर्ध्या तासात नोट्स तयार.” (जळगाव, धुळ्याकडील पालकांच्या गटांत फिरणारा संदेश)

यातील सर्वांत घातक भाग कॉपी करण्याचा आहे. पीडीएफ युनिकोडमध्ये नसेल तर चिकटवलेला मजकूर निरर्थक अक्षरांचा येतो आणि निदान चूक लगेच कळते. परंतु मजकूर नीट वाचता आला, तरी सूत्रे बिघडलेली असू शकतात आणि ते सहज लक्षात येत नाही. ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा घ्या. G च्या किमतीतील 10⁻¹¹ चा घातांक खाली उतरून तेथे 10-11 उमटते, आणि मुक्तिवेगाच्या √(2GM/R) मधील वर्गमूळचिन्ह गळून जाऊ शकते. म्हणून प्रत्येक सूत्र मूळ पानावर पाहून हाताने लिहावे आणि किमती घालून तपासावे. पृथ्वीचे वस्तुमान 6 × 10²⁴ kg आणि त्रिज्या 6.4 × 10⁶ m घेतल्यास उत्तर सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर येते. साडेबारा कोटींसारखा आकडा आला, तर वर्गमूळ हरवले आहे असे समजावे.

शब्दसूचीत ठळक शब्द असावेतच, मात्र गोंधळ होणारे शब्द जोडीने मांडावेत. वस्तुमान सर्वत्र तेच राहते व kg मध्ये मोजतात. वजन हे बल आहे, ते स्थानानुसार बदलते व N मध्ये मोजतात. G आणि g यांचीही अशीच जोडी करावी. प्रत्येक नोंदीपुढे एकक आणि पान क्रमांक लिहिल्यास शंका आली की मूळ धड्याकडे परतता येते.

स्वाध्याय सोडवलाच पाहिजे, पण तेवढ्यावर थांबू नये. राज्य मंडळाची प्रश्नपत्रिका जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांतील मुले सोडवतात. तिच्यात एकच मुद्दा कधी ‘शास्त्रीय कारणे लिहा’ म्हणून, तर कधी उदाहरण म्हणून येतो. तेव्हा सारांशातील प्रत्येक मुद्द्यावर निराळ्या रूपांचे प्रश्न स्वतः रचावेत. खरे मुक्तपतन केवळ निर्वातातच का शक्य आहे, हा कारणाचा प्रश्न झाला. हवेचा विरोध हे त्याचे उत्तर. उदाहरणासाठी असे विचारता येईल: एखाद्या ग्रहाचे वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही पृथ्वीच्या दुप्पट असतील, तर तेथे g आणि मुक्तिवेग किती? g = GM/R² मध्ये वर दोन आणि खाली चार येत असल्याने g निम्मा होतो; मुक्तिवेगात मात्र M/R हे गुणोत्तर तेच राहते, म्हणून तो बदलत नाही. सूत्रातला R² टिपणात R2 असा उतरला असेल, तर तो 2R समजून विद्यार्थी g ही बदलत नाही असे लिहून बसतो.