ओळखायचं की विचारायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाषांतर कोणत्या भाषेत हवं हे गिऱ्हाइकाने सांगितलं नसेल, तर अंदाज न बांधता आधी तेवढंच विचारणारं पत्र पाठवा, असं मागच्या लेखात मी म्हटलं होतं आणि त्या पत्राचा नमुनाही दिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: «लेख वाचून हसू आलं. मुरलेला अनुवादक संदर्भावरून भाषा ओळखतो, असले प्रश्न नवशिके विचारतात. विचारायचंच तर दर, मुदतही त्याच पत्रात विचारून टाका. आणि ‘लक्ष्यभाषा कोणती?’ हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?»

हसू आलं, छान. तुमचा शेवटचा मुद्दा मान्य. ‘लक्ष्यभाषा’ हा आपल्या धंद्यातला शब्द, तो गिऱ्हाइकापुढे टाकायला नको होता. नमुना आता बदललाय: ‘मजकूर मिळाला. भाषांतर कोणत्या भाषेत हवं?’

पण ‘नवशिके’ हा शब्द मात्र झोंबला. अठरा वर्षं हेच काम करतोय, आणि तुमच्यासारखाच मीही एकदा संदर्भावरून ओळखलं होतं. पत्र मराठीत, सोबतची कागदपत्रं मराठीत, ‘मुलाच्या परदेशातल्या प्रवेशासाठी लवकर भाषांतर हवंय’ एवढाच निरोप. परदेश म्हणजे इंग्रजी, असं धरून दोन रात्रीत अकरा पानं उतरवली. हवं होतं जर्मन! पैसे मागायला तोंड नव्हतं, कारण विचारलं मीच नव्हतं.

संदर्भ कधी उपयोगी पडतो तेही सांगतो, म्हणजे मी हटवादी आहे असं वाटायला नको. पत्र मराठीत आणि मजकूर इंग्रजीत असेल, तर बहुधा मराठीच हवं असतं. पण दोन्ही एकाच भाषेत असतील तर कुठून कुठे जायचंय याचा पत्ताच नसतो. तिथे तुमचं मुरलेपण म्हणजे निव्वळ अंदाज.

बरं, ‘इंग्रजीतच ना?’ असंही विचारू नये. घाईतला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘इंग्रजी की हिंदी?’ विचारलं तर त्यालाही ‘हो’ असं उत्तर आलेलं आहे, खोटं नाही सांगत. मोकळा प्रश्न विचारला की निदान भाषेचं नाव तरी लिहावं लागतं. आलेलं नाव अपुरं असेल तरच पुढचा प्रश्न: ‘चिनी’ म्हटलं तर लिपी सोपी की पारंपरिक, ‘पोर्तुगीज’ म्हटलं तर वाचणारे ब्राझीलचे की पोर्तुगालचे. हे आधीच विचारून ठेवलं तर मराठी हवं असलेला माणूस उगीच गोंधळतो.

दर आणि मुदत त्याच पत्रात? एका पत्रात तीन प्रश्न गेले की उत्तर एकाचंच येतं, आणि ते बहुतेक वेळा मुदतीचं असतं. शिवाय भाषा कळल्याशिवाय दर कशाचा सांगणार? इंग्रजीचा आणि जपानीचा दर तुम्ही एकच लावत असाल तर गोष्ट वेगळी.

बाकीचं राहू द्या. पुढच्या वेळी हसू आलं तर का आलं तेही लिहा.