‘आज्ञाधारक’ कोणी लिहावे?

“अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा ठाऊक नसला तरी काही अडत नाही. वर ‘माननीय साहेब’ आणि खाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहा. कोणत्याही कार्यालयात चालते.”

इंदूरच्या रामबागेतील आमच्या शेजारच्या काकूंना वडिलांच्या जन्मनोंदीचा उतारा महाराष्ट्रातील एका नगरपरिषदेकडून हवा होता, आणि वरील सल्ल्याबरहुकूम लिहिलेला अर्ज त्यांनी पाकिटात घालण्यापूर्वी मला दाखवला.

पहिली गोष्ट अशी, की नाव ठाऊक नसते हे खरे, पण हुद्दा बहुधा संस्थेच्या प्रकारावरूनच कळतो. महानगरपालिकेत प्रशासनाचे प्रमुख आयुक्त असतात, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि पंचायत समितीत गटविकास अधिकारी. इंदूरच्या सवयीने काकूंनी ‘आयुक्त’ लिहिले असते तरी ते चुकलेच असते, कारण नगरपरिषदेत आयुक्त नसतात. नोंदवही प्रत्यक्ष कोणाच्या टेबलावर आहे हे शोधत बसण्याचे कारण नाही. कार्यालयप्रमुखाच्या पदाखाली विभागाचे नाव लिहिले, की आवक विभागात कागद योग्य टेबलाकडे वळवता येतो:

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
(जन्म-मृत्यू नोंदणी विभाग),
त्यापुढे नगरपरिषदेचे नाव, तालुका, जिल्हा.

माहिती अधिकाराच्या अर्जात तर हुद्द्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ते पद 2005च्या कायद्यानेच ठरवून दिले आहे. महाराष्ट्रात त्याला ‘जन माहिती अधिकारी’ म्हणतात, आपल्याकडे मध्य प्रदेशात ‘लोक सूचना अधिकारी’.

‘साहेब’ हा शब्द बोलण्यात गोड वाटतो, पण कागदावर तो समोरची व्यक्ती पुरुष आहे असे गृहीत धरतो. ‘श्रीमान’चेही तसेच, आणि हिंदी अर्ज लिहून लिहून तो आपल्या हाताला लागलेला आहे. पत्त्यात ‘श्री.’ ऐवजी पदापूर्वी ‘मा.’ आणि संबोधनात ‘महोदय/महोदया’ लिहिले, की स्त्री की पुरुष हा प्रश्न मिटतो. तिरकी रेघ थोडी रुक्ष दिसते, हे मान्य. तरी मुख्याधिकारी बाई असताना ‘साहेब’ वाचायला लावण्यापेक्षा ती बरी.

खरी चूक मात्र शेवटच्या ओळीत होती. ‘आज्ञाधारक’ हा शब्द हाताखालच्याने वरिष्ठाला किंवा विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना लिहायचा, कारण तिथे आज्ञा देण्या-पाळण्याचे नाते असते. शुल्क भरून उतारा मागणाऱ्या नागरिकाचे मुख्याधिकाऱ्यांशी तसे नाते नसते. तिथे ‘आपला विश्वासू’ शोभते, आणि विनंती अधिक मृदू करायची असल्यास ‘आपला नम्र’. शिवाय यातला ‘आपला’ हा शब्द सही करणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. काकूंनी सल्ला जसाच्या तसा उतरवल्यामुळे त्यांच्या सहीवर ‘आपला’ आले होते. मी ते दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोन्ही शब्द खोडले आणि ‘आपली विश्वासू’ असे स्वच्छ लिहिले.